१३५ टक्क्यांचा उमेदवार

प्रश्न : आमचा कुपवाड एमआयडीसीत विद्राव्य खते आणि सूक्ष्म अन्नद्रव्ये तयार करण्याचा छोटा कारखाना आहे. तासगाव, कवठेमहांकाळ आणि मिरज पूर्व भागासाठी एक सेल्स ऑफिसर नेमायचा आहे. एजन्सीने कौशल्यांच्या यादीवरून उमेदवारांना गुण दिले. पहिल्याला ८८ टक्के आणि दुसऱ्याला ६१ टक्के जुळणी दाखवली आहे. माझे म्हणणे असे की विक्रीच्या माणसाची कौशल्ये कागदावर पाहून उपयोग नाही, टार्गेट किती गाठले ते पाहावे. धाकट्या बंधूंनी ते मान्य करून टार्गेटला ६० आणि कौशल्यांना ४० गुण असा तक्ता केला. पहिल्याने १३५ टक्के आणि दुसऱ्याने ९२ टक्के टार्गेट गाठल्याचे लिहिले असल्याने पहिल्याला ९५, दुसऱ्याला ८० गुण पडतात. तरी माझे मन घेत नाही. दोघांचे कागद, नावे झाकून, सोबत जोडले आहेत. तक्ता चुकतो आहे की मी? — एक उद्योजक, सांगली

उत्तर : टार्गेटला कौशल्यांहून अधिक गुण देण्याचा आपला विचार योग्य आहे. चूक आहे ती त्या ६० गुणांच्या रकान्यात टाकलेल्या आकड्याची. अर्जावरची टक्केवारी म्हणजे एका संख्येला दुसऱ्या संख्येने भागून आलेले उत्तर असते, आणि त्या दोन्ही संख्या कशा ठरल्या हे अर्जावर कुठेच लिहिलेले नसते. वरची संख्या बिलिंगची आहे की परत आलेला माल वजा करून उरलेल्या विक्रीची, आणि खालचे टार्गेट एप्रिलमध्ये दिलेले आहे की वर्षाच्या मध्यात कमी केलेले, या दोन प्रश्नांची उत्तरे मिळेपर्यंत १३५ आणि ९२ यांची तुलनाच करता येत नाही. आपण जोडलेल्या कागदांत ही उत्तरे बरीचशी सापडतात, म्हणून सर्वसाधारण सल्ला देण्यापेक्षा तेच दोन उमेदवार धरून तक्ता पुन्हा मांडून दाखवतो.

पहिला उमेदवार मोठ्या कंपनीचा असून त्याचा भाग फलटण आणि कोरेगाव तालुक्यांचा आहे. त्याचे वर्षाचे बिलिंग १ कोटी ६२ लाख रुपये आणि टार्गेट १ कोटी २० लाख रुपये, म्हणून १३५ टक्के. मात्र त्यानेच जोडलेल्या ऑक्टोबरच्या ईमेलमध्ये ‘सुधारित टार्गेट’ असे शब्द आहेत आणि एप्रिलच्या पत्रात मूळ टार्गेट १ कोटी ८० लाख आहे. मधल्या काळात कंपनीकडे मालाचा तुटवडा पडला म्हणून सगळ्यांचीच टार्गेट खाली आणली गेली. यात त्याचा काही दोष नाही, पण त्यामुळे वाढलेली टक्केवारी ही त्याची कामगिरीही नाही. पुढे एप्रिल आणि मे महिन्यांत डीलरांकडून १८ लाखांचा माल परत आला, तेव्हा निव्वळ विक्री १ कोटी ४४ लाख उरते. मूळ टार्गेटशी हिशेब केला तर ती बरोबर ८० टक्के भरते. त्याच भागात त्याच्या आधीच्या वर्षी, परतावा वजा जाता, १ कोटी ५० लाखांची विक्री झाली होती. म्हणजे अर्जावर १३५ टक्के लिहिणाऱ्या या उमेदवाराच्या भागातील विक्री प्रत्यक्षात ४ टक्क्यांनी घटलेली आहे.

दुसरा उमेदवार आपल्यासारख्याच लहान कंपनीत तासगाव भाग पाहतो. त्याचे टार्गेट ६० लाख, बिलिंग ५५ लाख २० हजार, म्हणून ९२ टक्के. परतावा ३ लाख २० हजारांचा, निव्वळ विक्री ५२ लाख, म्हणजे टार्गेटच्या ८७ टक्के. आधीच्या वर्षीची निव्वळ विक्री ४० लाख होती, तेव्हा वाढ ३० टक्क्यांची झाली. त्याच्या मालकाने टार्गेट त्या आधीच्या विक्रीच्या दीडपट ठेवले होते. टार्गेट इतके चढवले की ते न गाठणाराही चांगला विक्रेता असू शकतो, आणि टार्गेट इतके उतरवले की ते ओलांडणारा साधारण विक्रेता असू शकतो, ही गोष्ट टक्केवारीत कधीच दिसत नाही.

परत आलेल्या मालाबद्दल थोडे सविस्तर लिहिणे आवश्यक वाटते, कारण आपल्या व्यवसायात सर्वांत जास्त फसगत तिथेच होते. कंपनीकडून डीलरकडे गेलेला माल, ज्याला प्रायमरी म्हणतात, तो विक्री म्हणून लगेच नोंदला जातो. डीलरकडून शेतकऱ्याकडे तो गेला की नाही, म्हणजे ज्याला लिक्विडेशन म्हणतात ते, पुष्कळ कंपन्या टार्गेटमध्ये धरतच नाहीत. त्यामुळे मार्चअखेर जवळ आली की ओळखीच्या डीलरकडे माल भरून ठेवायचा आणि ‘नाही खपला तर मेमध्ये उचलून नेतो’ असा तोंडी शब्द द्यायचा, हा प्रकार सर्रास चालतो. हे ओळखण्याचा सोपा मार्ग म्हणजे महिनावार बिलिंग मागणे. पहिल्या उमेदवाराच्या १ कोटी ६२ लाखांपैकी ५८ लाखांची बिले २१ ते ३१ मार्च या अकरा दिवसांतली आहेत, म्हणजे वर्षाच्या एक तृतीयांशाहून अधिक विक्री अकरा दिवसांत झाली आहे. त्या काळात पिकाची तशी मागणी असते का, हा प्रश्न त्याला मुलाखतीत सरळ विचारावा. दुसऱ्याची बिले सप्टेंबर ते डिसेंबर या काळात एकवटलेली आहेत, आणि द्राक्षाची फळछाटणी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये होऊन पुढचे तीन महिने खतांचे डोस चालू असतात हे लक्षात घेतले तर ती मांडणी पिकाशी जुळते.

डीलरच्या गोदामात गेलात तर हीच गोष्ट डोळ्यांनी दिसते. मागच्या बाजूला ताडपत्रीखाली न फोडलेले खोके असतात, त्यावर बॅच नंबर आणि उत्पादनाचा महिना छापलेला असतो, आणि पुढच्या मांडणीवर त्याच उत्पादनाचे दोन-तीनच डबे धूळ खात असतात. अशा वेळी त्या काउंटरची विक्री कागदावर झालेली असते, शेतात झालेली नसते.

आता तक्त्याकडे वळू. एकूण १०० गुणांपैकी ६० गुण निकालाला द्यावेत, हा आपल्या बंधूंचा आकडा तसाच ठेवू, पण तो एकाच टक्केवारीला न देता तीन ठिकाणी विभागू : वाढीला २५, टार्गेट गाठण्याला १५ आणि वसुलीला २०. उरलेल्या ४० पैकी २० गुण परिस्थितीच्या साम्याला आणि २० गुण कौशल्यांना द्यावेत. या विभागणीवर दुमत असू शकेल. ती कशासाठी आहे ते पुढे येईलच.

वाढ मोजताना नुसती वाढ पाहून चालत नाही, कारण कंपनीचा भाव वाढला किंवा एखादे नवे उत्पादन चालले तर सगळ्यांचीच विक्री वाढते. म्हणून त्याच कंपनीच्या त्याच विभागातली सरासरी वाढ विचारून घ्यावी. उमेदवाराची वाढ त्या सरासरीएवढी असेल तर १० गुण द्यावेत, वर गेलेल्या प्रत्येक टक्क्याला एक गुण वाढवावा आणि खाली राहिलेल्या प्रत्येक टक्क्याला एक कमी करावा. मात्र २५च्या वर आणि शून्याच्या खाली जाऊ नये. पहिल्याच्या विभागात तुटवड्यामुळे सरासरी घट २ टक्के झाली आणि त्याची ४ टक्के झाली, तेव्हा त्याला ८ गुण मिळतात. तुटवडा त्याच्या हातात नव्हता, पण तो त्याच्या सहकाऱ्यांच्याही हातात नव्हता, आणि त्यांच्या तुलनेत तो किंचित मागे राहिला आहे. इतकाच निष्कर्ष काढणे त्याच्यावर अन्याय न करणारे आहे. दुसऱ्याच्या विभागाची सरासरी १८ टक्के आणि त्याची ३० टक्के, म्हणून २२ गुण.

टार्गेटसाठी निव्वळ विक्री आणि मूळ टार्गेट एवढेच घ्यावे. १०० टक्के किंवा जास्त असल्यास १५, नव्वदीत १२, ऐंशीत ९, सत्तरीत ६ आणि त्याखाली ३ असे ठरवले तर ८० टक्क्यांच्या पहिल्याला ९ आणि ८७ टक्क्यांच्या दुसऱ्यालाही ९ मिळतात. अर्जावर ४३ टक्क्यांचे दिसणारे अंतर इथे उरतच नाही. या रकान्याला मुद्दाम १५च गुण ठेवले आहेत, कारण टार्गेट हा साहेबाने ठरवलेला आकडा असतो आणि साहेबाचा अंदाज कितपत बरोबर होता हे तपासण्याचे साधन आपल्याकडे नसते.

वसुलीचा रकाना लहान कारखानदाराने कधीही सोडू नये. द्राक्षाचा पैसा शेतकऱ्याच्या हाती माल उतरल्यावर, म्हणजे जानेवारीपासून एप्रिलपर्यंत येतो. बेदाणा केला आणि तो शीतगृहात ठेवला तर त्याहूनही पुढे जातो. तोपर्यंत डीलर उधारीवर आणि डीलरच्या उधारीवर आपण. म्हणून ३१ मार्चची येणी न पाहता ३१ मेची पाहावी. निव्वळ विक्रीच्या १० टक्क्यांच्या आत येणे असेल तर २० गुण, २० टक्क्यांपर्यंत १४, ३० टक्क्यांपर्यंत ८ आणि त्यापुढे शून्य. दुसऱ्या उमेदवाराचे ५२ लाखांपैकी १३ लाख ३१ मे रोजी यायचे होते, म्हणजे २५ टक्के, म्हणून त्याला ८ गुण. पहिल्याचे येणे काहीच नाही. पण त्याची कंपनी आगाऊ पैसे घेतल्याशिवाय माल सोडत नाही, तेव्हा ही वसुली त्याने केलेली नसून कंपनीच्या धोरणाने झालेली आहे. त्याला २० देणे चूक आणि शून्य देणे त्याहून मोठी चूक, कारण त्याची परीक्षाच झालेली नाही. अशा ठिकाणी मधले १० गुण द्यावेत आणि तक्त्यात शेजारी ‘परीक्षा झालेली नाही’ असे स्पष्ट लिहावे.

यानंतर पुराव्याचा प्रश्न येतो. कागद असलेला आकडा पूर्ण धरावा, तिसऱ्या माणसाने दुजोरा दिलेला ८० टक्के धरावा आणि नुसत्या उमेदवाराच्या शब्दावरचा निम्मा धरावा. दुसऱ्या उमेदवाराचा आधीच्या वर्षीचा ४० लाखांचा आकडा आपल्याला त्याच्या माजी एरिया मॅनेजरकडून फोनवर समजला, कागद नाही, म्हणून वाढीचे २२ गुण १८ वर येतात. १३ लाखांच्या थकबाकीलाही कागद नाही, परंतु तो आकडा त्याने स्वतःहून सांगितला आणि तो त्याच्याच विरुद्ध जातो, म्हणून तिथे काटछाट करण्याचे कारण नाही. पहिल्याचे आकडे कागदावर आहेत. अशा प्रकारे निकालाच्या ६० पैकी पहिल्याला ८, ९ आणि १० मिळून २७, तर दुसऱ्याला १८, ९ आणि ८ मिळून ३५ गुण होतात.

पुराव्यासाठी सर्वांत सोपा कागद म्हणजे पगाराच्या पावतीवरची इन्सेंटिव्हची ओळ. टार्गेट खरोखर ओलांडले असेल तर बहुतेक कंपन्या इन्सेंटिव्ह देतात, आणि ते न मिळाल्याचे कारण उमेदवाराला नीट सांगता आले पाहिजे. मात्र दोन गोष्टी मागू नयेत. एक म्हणजे आधीच्या कंपनीची डीलरनिहाय दर आणि सूट यांची यादी; ती देणारा उमेदवार उद्या आपलीही यादी दुसऱ्याला देईल. दुसरी गोष्ट, सध्याच्या कंपनीत चौकशीचा फोन. सांगली-तासगावच्या कृषी सेवा केंद्रांत सकाळी विचारलेली गोष्ट संध्याकाळपर्यंत सगळ्या काउंटरवर पोचते, आणि नेमणूक झाली नाही तर त्या माणसाची हातची नोकरी आपल्यामुळे जाईल. चौकशी करायचीच असेल तर माजी वरिष्ठाकडे करावी, आणि डीलरकडे जायचे झाल्यास उमेदवाराची परवानगी घेऊन जावे.

परिस्थितीच्या साम्याचे २० गुण एजन्सीच्या तक्त्यात कुठेच नाहीत, आणि आपले मन घेत नाही असे आपण लिहिले त्याचे कारण बहुधा हेच असावे. मोठ्या कंपनीचा माल शेतकरी नाव घेऊन मागतो, डीलरला तो ठेवावाच लागतो. आपला माल डीलरने शेतकऱ्याच्या हातात दिला तरच जातो, आणि डीलरने तो का द्यावा हे पटवणे हेच त्या ऑफिसरचे मुख्य काम असते. म्हणून इथे तीन गोष्टी पाहाव्यात : उमेदवाराने अनोळखी ब्रँड विकला आहे का, पीक आणि भाग सारखा आहे का, आणि नवी काउंटर उघडली असतील तर त्यांतील किती काउंटरनी दुसऱ्या हंगामात पुन्हा माल घेतला. या तिसऱ्या प्रश्नाला मी स्वतः सर्वांत जास्त किंमत देतो, कारण पहिली ऑर्डर ओळखीने किंवा स्कीमने मिळते, दुसरी मात्र माल खपला आणि शेतकऱ्याने पुन्हा मागितला तरच मिळते. दुसऱ्या उमेदवाराने ११ नवी काउंटर उघडली आणि त्यांपैकी ७ काउंटरनी दुसऱ्या वर्षी माल घेतला; त्याला १७ गुण देण्यास हरकत नाही. पहिल्याने आठ वर्षे एकाच मोठ्या ब्रँडखाली, ऊस आणि भाजीपाल्याच्या भागात, आधीपासून चालत आलेली काउंटर सांभाळली; त्याला ७ पेक्षा जास्त देता येणार नाहीत.

कौशल्यांसाठी एजन्सीचेच गुण वापरू. २० चे ८८ टक्के म्हणजे १८, आणि ६१ टक्के म्हणजे १२. ‘संवादकौशल्य’, ‘संघभावना’, ‘एक्सेल’ असल्या शब्दांवर खुणा करून झालेली ती यादी आहे, आणि अर्ज लिहिताना जो ते शब्द वापरतो त्याला गुण मिळतात. दुसऱ्याने अर्जात डेमो प्लॉटचा उल्लेखच केलेला नाही, पण त्याच्या मासिक अहवालात नऊ प्लॉटची नावे आहेत. ज्या अटींशिवाय काम चालणारच नाही, जसे दुचाकी आणि परवाना, महिन्यातून पंचवीस दिवस फिरण्याची तयारी, द्राक्षाच्या पिकाचे ज्ञान, त्या गुणांत न घालता आधीच हो किंवा नाही अशा तपासून घ्याव्यात.

बेरीज केली तर पहिल्याला २७, ७ आणि १८ मिळून ५२ गुण, तर दुसऱ्याला ३५, १७ आणि १२ मिळून ६४ गुण होतात. हा १२ गुणांचा फरक गुणांच्या विभागणीवर अवलंबून आहे की खरा आहे, हे तपासून पाहणे आपल्या बंधूंना पटण्यासाठी उपयोगी पडेल. साम्याचे गुण निम्मे, म्हणजे १० करून कौशल्यांचे ३० केले, तरी पहिल्याला सुमारे ५७ आणि दुसऱ्याला ६२ येतात. अंतर कमी होते, क्रम बदलत नाही. क्रम उलटला असता तर तक्त्यावर निर्णय सोडणे योग्य ठरले नसते, आणि दोघांनाही एकेक दिवस आपल्याच काउंटरवर सोबत नेऊन पाहावे लागले असते.

असे असले तरी दुसऱ्या उमेदवाराचे ८ गुण नजरेआड करू नयेत. ३० टक्के वाढ आणि २५ टक्के थकबाकी ही जोडी एकत्र दिसली की वाढीचा काही भाग सढळ उधारीतून आला असण्याची शक्यता असते. १३ लाखांपैकी किती रक्कम १८० दिवसांहून जुनी आहे आणि ती किती डीलरांकडे आहे, हे विचारावे. ती चार-पाच जुन्या डीलरांकडे विखुरलेली असेल तर हंगामाचा परिणाम समजावा. परंतु त्याच ११ नव्या काउंटरपैकी ज्या चार काउंटरनी दुसऱ्यांदा माल घेतला नाही, त्यांच्याकडे ती अडकलेली असेल, तर त्याने माल विकला नसून उसना दिला आहे, आणि वाढीचे १८ गुण त्या प्रमाणात खाली आणावे लागतील. हे उत्तर येईपर्यंत नेमणूकपत्र देऊ नये. उत्तर समाधानकारक आले तर नेमणूकपत्रातच त्याचे टार्गेट निव्वळ विक्रीवर ठेवावे, डीलरनिहाय उधारीची मर्यादा लिहावी आणि इन्सेंटिव्हचा निम्मा भाग ३१ मेच्या वसुलीनंतर द्यावा.

भरलेले दोन्ही तक्ते फाईलला ठेवावेत. पुढच्या वर्षी मेअखेर त्याच रकान्यांत प्रत्यक्ष आकडे भरले की कोणत्या रकान्याने काही सांगितले आणि कोणत्या रकान्याने नाही याचा अंदाज येईल. मात्र एका नेमणुकीवरून गुणांची विभागणी बदलू नये. एखाद्या वर्षी अवकाळी पाऊस होऊन डाऊनी आली की शेतकऱ्याचा पैसा बुरशीनाशकांकडे वळतो आणि खतांचा चांगला विक्रेताही मागे पडतो. तीन-चार नेमणुकांचे तक्ते जमल्यावरच कौशल्यांचे २० गुण कमी करायचे की वसुलीचे वाढवायचे, हे आपण आणि बंधू मिळून ठरवावे.